निरोप समारंभाचं गाणं वर्गाला आठवायला लावायचंय? आधी भाषण नीट लिहा

पहिल्या स्नेहमेळाव्यात मी माईक हातात घेतला आणि सरळ विचारून टाकलं, "काय रे, आपल्या निरोप समारंभाला शेवटी कुठलं गाणं लावलं होतं, आठवतंय का कुणाला?" तीन सेकंदही गेले नसतील. मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, त्याने गाण्याचं नाव सांगितलं, आजूबाजूच्या चार-पाच जणांनी "हो हो, तेच!" म्हटलं आणि बघता बघता सगळं सभागृह ते गाणं म्हणायला लागलं. दोन जणींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन सहज शोधलं, तर ते गाणं आम्ही शाळा सोडल्यानंतर चार वर्षांनी आलेलं होतं.

पाच वर्षांनी पुन्हा मेळावा ठरला आणि आयोजनाचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं. या वेळी भाषण लिहून काढलं, चिठ्ठ्या तयार केल्या आणि गाणं सापडलं. ते कसं सापडलं ते पुढे सांगतेच. तुमच्या वर्गासाठी हे करायचं असेल, तर माझ्या पहिल्या फजितीत नेमकं काय चुकलं ते आधी बघू, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच निघते.

पहिला आवाज सगळ्यांची आठवण पुसतो

माझी चूक अशी होती की मी प्रश्न सगळ्यांना एकदम आणि तोंडी विचारला. ज्याला आधी सुचतं किंवा ज्याचा आवाज मोठा असतो, तो बोलतो. त्यानंतर बाकीच्यांच्या डोक्यात जे अर्धंमुर्धं तरंगत असतं ते मागे पडतं आणि ऐकलेलं नाव पुढे येतं. हे निव्वळ भिडेखातर मान डोलावणं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण ऐकलेली गोष्ट पुढे आपलीच आठवण म्हणून मनात बसते. रोडिगर, मीड आणि बर्गमन या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये यावर प्रयोग केला होता. दोघांना घरातल्या खोल्यांची चित्रं दाखवायची आणि मग काय काय पाहिलं ते आळीपाळीने सांगायला लावायचं. त्या दोघांमधला एक जण संशोधकांचाच माणूस होता आणि तो मुद्दाम चित्रात नसलेल्या एक-दोन वस्तू सांगायचा. नंतर एकट्याने आठवायला बसवल्यावर दुसऱ्या माणसाच्या यादीत त्या नसलेल्या वस्तू येऊ लागल्या. आपण त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, असंच त्यांना वाटत होतं.

आमचं सगळं सभागृह एका सुरात चुकीचं गाणं म्हणायला लागलं ते असंच. म्हणून भाषणाचा सगळा घाट एकाच गोष्टीसाठी घालायचा: कुणीही तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने आपापलं लिहून झालेलं असलं पाहिजे.

आधीची तयारी

आपण नेमकं कुठलं गाणं शोधतोय, हे सगळ्यात आधी ठरवा. निरोप समारंभात एकच गाणं क्वचित असतं. लोक येऊन बसत असताना काहीतरी चालू असतं, मध्ये कुणीतरी स्वतः गाणं म्हणतं आणि शेवटी सगळे उठून निघताना काहीतरी लावलं जातं. तिघं जण तीन गाण्यांची नावं सांगून भांडत बसतात तेव्हा पुष्कळदा तिघंही बरोबर असतात. आम्ही ठरवलं की शोधायचं ते शेवटचं, म्हणजे भाषणं संपल्यावर टेपरेकॉर्डरवर लावलेलं. "लावलेलं" हा शब्द मी भाषणात दोनदा ठेवला, कारण आमच्या एका मैत्रिणीने त्याच दिवशी गायलेलं गाणं सगळ्यांना पक्कं आठवत होतं आणि ते मध्ये मध्ये येणारच होतं.

दुसरं म्हणजे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी एक अक्षरही विचारू नका. आयोजकाला तो मोह होतोच. पण एकाने तिथे गाण्याची लिंक टाकली की मेळाव्याच्या दिवसापर्यंत सगळ्यांनी ते दहा वेळा ऐकलेलं असतं आणि मग तेच "आठवतं". ग्रुपवर मागायचं असेल तर त्या दिवसाचे फोटो मागा, तेही ग्रुपवर न टाकता फक्त तुमच्याकडे पाठवायला सांगून. फोटोत गाणं दिसत नाही, पण स्पीकर कुठे होता, टेपरेकॉर्डर कुणाच्या बाकावर होता, दिवे लागले होते की उजेड होता, हे दिसतं. पडताळ्याच्या वेळी यातलं बरंच कामी येतं. मात्र ते फोटोही भाषणाआधी पडद्यावर दाखवू नका, त्याचं कारण पुढे येईल.

तिसरी गोष्ट अगदी साधी आणि तरी हमखास राहून जाणारी. मेळाव्यात मागे जुनी गाणी लावायची पद्धत असते. ती भाषणाच्या निदान अर्धा तास आधी बंद करा. डोक्यात एक चाल फिरत असताना दुसरी वर येत नाही. गाण्याच्या भेंड्या ठेवल्या असतील तर त्या नंतर घ्या.

चिठ्ठी हाताच्या पंजाएवढी पुरते. त्यावर चार प्रश्न, या क्रमाने:

1. गाणं चालू होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात? शेजारी कोण होतं?
2. आवाज कुठून येत होता? कसा होता?
3. गाणं संपताना काय झालं?
4. गाण्यातलं काही आठवतं का? एखादा शब्द, एखादं चित्र, चाल, किंवा नाव. किती खात्री आहे: पक्की, बरीचशी, की अंदाज?

वर एका कोपऱ्यात "मागच्या मेळाव्याला होतो / नव्हतो" एवढं घाला. आधी कधी मेळावाच झाला नसेल तर ते गाळा. पण झाला असेल आणि तिथे गाण्याचा विषय निघाला असेल, तर हा कोपरा सोन्याचा आहे. माझ्या बाबतीत तोच निर्णायक ठरला.

नावाचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवलाय. फिशर आणि गाइसेलमन या दोघांनी 1980 च्या दशकात साक्षीदारांकडून माहिती घेण्याची एक पद्धत बसवली. तिचं पहिलं पाऊल असं की साक्षीदाराने आधी मनातल्या मनात त्या जागी जाऊन उभं राहायचं, तिथला उजेड, आवाज, स्वतःची मनःस्थिती आठवायची, आणि मग सुचेल ते सगळं सांगायचं, क्षुल्लक वाटलं तरी गाळायचं नाही. आपल्यालाही तेच हवंय. नाव थेट विचारलं की माणूस डोक्यातली "निरोपाची गाणी" नावाची यादी चाळतो आणि त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं उचलतो. जागा विचारली की तो यादी सोडून त्या दिवसाकडे वळतो.

भाषण कधी, किती

ओळखीपाळखी झाल्यावर आणि जेवणाच्या आधी. अगदी सुरुवातीला लोकांचं लक्ष एकमेकांच्या चेहऱ्यांत असतं, जेवणानंतर कुणी चिठ्ठी लिहीत नाही. बोलणं चार मिनिटांचं आणि लिहिणं तीन मिनिटांचं. कागद आणि पेन भाषण सुरू होण्याआधीच प्रत्येकाच्या हातात असले पाहिजेत. भाषणानंतर वाटायला घेतले की त्या गडबडीतच कुणीतरी शेजाऱ्याला "अगं, ते ना…" म्हणून सांगून मोकळी होते.

आता मी केलेलं भाषण जवळजवळ जसंच्या तसं देते. तुम्ही तुमच्या वर्गाप्रमाणे बदला.

> मंडळी, एक मिनिट. हातात चिठ्ठी आणि पेन आलंय ना सगळ्यांच्या? ज्याला नाही त्याने हात वर करा. चष्मा विसरलेल्यांनीही करा, लाजू नका, मीही त्यातलीच.
>
> मागच्या वेळी मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याचं चुकीचं उत्तर दिलं होतं. जोरजोरात, सुरात दिलं होतं. ते गाणं आपण शाळा सोडली तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं. यात कुणाची चूक नाही, विचारणारीची होती. आज मी नीट विचारणार आहे.
>
> एकच नियम. मी "बोला" म्हणेपर्यंत कुणीही बोलायचं नाही. गुणगुणायचं नाही. शेजारच्याच्या चिठ्ठीत बघायचं नाही. परीक्षेत बघितलंत ते पुरे झालं.
>
> आता डोळे मिटा. नको असेल तर जमिनीकडे बघा. आपला शेवटचा दिवस. भाषणं संपली आहेत. आपण अजून त्या खोलीत आहोत. तुम्ही कुठे आहात? बसलाय की उभे आहात? पाठीला काय टेकलंय, भिंत, बाक, दाराची चौकट? उजव्या हाताला कोण आहे? डाव्या हाताला? तुमच्या हातात काही आहे का?
>
> (इथे मी मनात वीसपर्यंत मोजलं.)
>
> आता कुणीतरी गाणं लावतंय. गायलेलं नाही, लावलेलं. आवाज कुठून येतोय? समोरून, मागून, खिडकीतून? स्वच्छ आहे की खरखर आहे? लोक ऐकतायत की बोलतायत? तुम्ही त्या वेळी कुणाकडे बघत होतात, ते सांगायची गरज नाही, फक्त आठवा.
>
> (पुन्हा वीस.)
>
> आणि ते गाणं संपलं कसं? संपल्यावर पहिली गोष्ट काय घडली?
>
> आता डोळे उघडा आणि लिहा. तीन मिनिटं आहेत. पहिले तीन प्रश्न आधी. नाव आठवलं नाही तर चौथा रिकामा सोडा. रिकामी चिठ्ठीही मला हवी आहे, तिचा उपयोग आहे. आठवतं पण खात्री नाही, तर तसं लिहा. आणि त्या दिवशी जे तिथे नव्हते, त्यांनी फक्त "नव्हतो" एवढंच लिहा. कारण लिहायचं नाही, मी विचारणारही नाही.
>
> चला.

शब्दांवर थोडं बोलायला हवं. मागच्या वेळची फजिती मी सुरुवातीलाच कबूल केली ती गंमत म्हणून नव्हे. चुकीचं गाणं "पक्कं" वाटणारी बरीच माणसं समोर बसली होती आणि ते गाणं नव्हतं हे त्यांना कळल्याशिवाय दुसरं काही वर येणार नव्हतं. तरी मी गाण्याचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर तेच पुन्हा सगळ्यांच्या कानात वाजलं असतं.

प्रश्न सगळे उघडे ठेवले आहेत. "तो पडद्यामागचा टेपरेकॉर्डर आठवतो का?" असं विचारलंत, तर अर्ध्या लोकांना टेपरेकॉर्डर पडद्यामागे दिसायला लागेल. तुम्हाला स्वतःला माहीत असलेली कुठलीही गोष्ट प्रश्नात घालायची नाही. फोटो आधी दाखवायचे नाहीत ते याच कारणासाठी. लोक मग त्या दिवसाऐवजी फोटोच आठवतात.

वीस मोजणं अवघड जातं. माईकवर उभं राहून शांतता सहन होत नाही, वाटतं लोक कंटाळले. पहिल्या पाच-सहा सेकंदांत हशा होतो, तो जाऊ द्यायचा. खरं आठवणं त्यानंतर सुरू होतं. आणि "नव्हतो" ही वाट नक्की ठेवा. शेवटच्या दिवशी न आलेल्यांची कारणं कधीकधी जड असतात आणि ती भर सभेत निघायला नकोत.

चिठ्ठ्या वाचायच्या कशा

गोळा करा आणि "बोला" असं म्हणून मोकळे व्हा. आता गोंधळ झाला तरी हरकत नाही, लिहिलेलं तुमच्याकडे आहे. दोघांनी बाजूला बसून चिठ्ठ्या लावाव्यात. त्यातला एक जण वर्गाबाहेरचा, म्हणजे कुणाचा तरी नवरा किंवा बायको असेल, तर उत्तम. त्याला कुठल्याच गाण्याचा पक्ष नसतो.

आम्ही एकूण 41 जण होतो. कामाच्या चिठ्ठ्या 34 निघाल्या. चौथ्या प्रश्नाला 13 जणांनी तेच मागच्या वेळचं चुकीचं गाणं लिहिलं होतं. मी इतकं सांगूनही. त्यातल्या पाच जणांनी पुढे "पक्की" असंही लिहिलं होतं. सहा जणांनी एका नावेचा उल्लेख केला, पण गाण्याचं नाव कुणीच नीट लिहिलं नाही. एकीने "होडी की नाव", दुसऱ्याने "वल्हं", तिसऱ्याने "पाण्याचं काहीतरी". चौघांनी चार वेगळी गाणी लिहिली आणि 11 जणांनी जागा रिकामी सोडली.

नुसती मतं मोजली असती तर चुकीचं गाणं पुन्हा जिंकलं असतं. म्हणून मोजण्याआधी वेगळं करायचं. कोपऱ्यातली खूण बघून, मागच्या मेळाव्याला नसलेल्यांच्या नऊ चिठ्ठ्या बाजूला काढल्या. त्यांत चुकीचं गाणं एकाही चिठ्ठीवर नव्हतं. तिघांनी होडी-पाणी असं काही लिहिलं होतं, एकाने भलतंच, पाच रिकाम्या. म्हणजे त्या 13 जणांना शाळेचा निरोप आठवत नव्हता, माझा मेळावा आठवत होता.

खात्रीच्या रकान्यावर फार विसंबू नका, हेही यातूनच दिसलं. "पक्की" लिहिणारे पाचही चुकले होते आणि "अंदाज" लिहिणारी वल्ह्याची चिठ्ठी बरोबर निघाली. वजन द्यायचं ते दोन गोष्टींना: एकमेकांशी न बोलता जुळलेल्या उत्तरांना, आणि कुणी उगाच रचणार नाही अशा फुटकळ तपशिलाला.

तो तपशील आम्हाला तिसऱ्या प्रश्नात मिळाला. "गाणं संपताना काय झालं?" याला आठ जणांनी लिहिलं होतं की गाणं मध्येच बंद पडलं. एकाने लिहिलं, "खट् असा आवाज, मग सगळे हसले, मग कुणीतरी रडायला लागलं." यातल्या तिघांनी चौथ्या प्रश्नाला चुकीचं गाणं लिहिलं होतं. एकाच हाताने, एकाच चिठ्ठीवर, वरची ओळ खरी आणि खालची उसनी. नाव पुसलं गेलं होतं, प्रसंग शाबूत होता. दोघांनी तर कापला गेलेला शेवटचा शब्दही लिहिला होता आणि तो एकच होता. दोघं त्या दिवशी सभागृहाच्या दोन टोकांना बसली होती.

चालीवरून शोधताना

ज्यांना चाल आठवते पण शब्द नाहीत, त्यांना एकेकटं बाहेर न्या आणि फोनवर गुणगुणून रेकॉर्ड करा. एकाचं दुसऱ्याला ऐकवू नका. "ला ला" चालेल, सूर चुकले तरी चालतील. चालीचा चढउतार आणि ठेका ओळखायला पुरतो. मग ही रेकॉर्डिंग वर्गात ज्याला गाण्यांचं वेड आहे त्याच्या कानाला लावा. दर वर्गात एक असतोच. फोनमधली गुणगुणून गाणं शोधायची सोयही वापरून बघा, पण जुन्या आणि कमी वाजलेल्या गाण्यांना ती बरेचदा हात टेकते.

आमच्याकडे तिघांनी गुणगुणलं. गाणंवेड्याने दुसरं रेकॉर्डिंग ऐकताच नाव सांगितलं आणि नावेचं ते गाणं एकदाचं मिळालं. पण एक गोष्ट खटकत होती. मूळ गाणं लावून बघितलं तर तिघांचीही लय त्यापेक्षा संथ. माणसाला गाण्याची लय चांगली आठवते. लेव्हिटिन आणि कुक यांनी 1996 मध्ये लोकांना ओळखीची गाणी आठवणीतून म्हणायला लावली होती, तेव्हा 72 टक्के वेळा लय मूळ ध्वनिमुद्रणाच्या आठ टक्क्यांच्या आत होती. मग आमचे तिघंही एकाच बाजूला, संथपणाकडे का झुकले? दुसऱ्या प्रश्नाच्या चिठ्ठ्यांत एक ओळ होती: "आवाज रडका येत होता." टेपरेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरल्या किंवा आतला पट्टा सैल झाला, की फीत हळू फिरते, गाणं संथ होतं आणि सूरही खाली येतो. पुरावा म्हणून हे दुबळं आहे, भावुक होऊन संथ गुणगुणणारेही असतात. पण शोध कुठे वळवायचा ते यावरून कळलं: टेपरेकॉर्डर कुणाचा होता?

मग पडताळा

गाणं मिळालं असं वाटलं की लगेच माईकवर जाहीर करू नका. पहिली तपासणी सालाची. गाणं निरोपाच्या तारखेनंतर आलं असेल तर विषय संपला. आधी आलेलं असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, एवढंच की ते असू शकतं. चित्रपटातलं गाणं असेल तर चित्रपटाच्या सालावर थांबू नका, कारण गाणी चित्रपटाच्या आधी कॅसेटवर येत असत. जुन्या गाण्याचं नवं रूप नंतर आलं असेल तर लोकांना आज तेच तोंडपाठ असतं, तेव्हा ऐकलेलं रूप कुठलं हेही बघावं लागतं.

दुसरी तपासणी वस्तूची. आमच्या बाबतीत ती म्हणजे तो "खट्". दुकानात मिळणाऱ्या भरलेल्या कॅसेटवर शेवटचं गाणं पूर्ण संपतं, मग थोडी कोरी फीत येते आणि मगच बटण उडतं. गाणं ओळीच्या मध्येच तुटून बटण उडालं, तर बहुधा ती घरी कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेली असते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, आणि शेवटचं गाणं त्यात मावलेलं नसतं. म्हणजे आम्हाला आता कॅसेटचं नाव शोधायचं नव्हतं, ती भरणारा माणूस शोधायचा होता.

तिसरी तपासणी म्हणजे बटण दाबणारा माणूस. फोटो आत्ता बाहेर काढायचे. आमच्या एका फोटोत टेपरेकॉर्डरच्या मुठीला लाल फीत बांधलेली दिसत होती. ती बघून एक मैत्रीण म्हणाली, "हा आमच्या घरचा." तिची चिठ्ठी मी काढून बघितली. चौथा प्रश्न रिकामा. पहिल्यात लिहिलं होतं, "पडद्यामागे. बॅटरी संपेल म्हणून जीव मुठीत." गाण्याकडे तिचं लक्षच नव्हतं, टेपरेकॉर्डरच्या बॅटरीच्या दिव्याकडे होतं. रिकाम्या चिठ्ठ्या मागून घ्यायच्या त्या यासाठी.

कॅसेट तिच्या थोरल्या भावाने भरलेली होती. तिथून त्याला फोन लावताना तिला एकच सांगितलं: गाण्याचं नाव तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस. नावेचं होतं का, असं विचारलं की समोरचा "हो, असेल" म्हणतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. तिने स्पीकर चालू केला आणि विचारलं, "दादा, शाळेत मी तुझी जी कॅसेट नेली होती, तिच्यात शेवटी काय होतं रे?"

तो आधी हसला. मग म्हणाला, "ते नावेचं ना? ते अर्धंच राहिलं होतं. मी तुला म्हटलं होतं, शेवटचं लावू नकोस म्हणून."

कॅसेट आता नव्हती, कधीच गेली होती. म्हणजे शंभर टक्के पुरावा हाती आला नाही आणि मी माईकवर तसंच सांगितलं: "आपल्या चिठ्ठ्या, तिघांची चाल आणि कॅसेट भरणारा माणूस, तिघं एकच गाणं सांगतायत." तुमच्याकडे एवढंही जमलं नाही, तर दोन गाणी बरोबरीला आली असं सांगा आणि दोन्ही लावा. मत घेऊन निकाल लावू नका. पुढच्या मेळाव्याला तोच निकाल लोकांना आठवेल. चिठ्ठ्या मात्र तारीख घालून पाकिटात जपून ठेवा. आज न आलेल्यांकडून पुढच्या वेळी त्याच चार प्रश्नांवर लिहून घेता येतं, फक्त या वेळचा निकाल त्यांच्या कानावर गेलेला नसला पाहिजे.

गाणं लावताना

जेवणं झाल्यावर लावा, आणि ज्याने तेव्हा बटण दाबलं त्याच्याच हातून. आम्ही त्या मैत्रिणीला फोन दिला. गाणं सुरू झालं तसे लोक गप्प झाले, मग मुखड्यापासून हळूहळू म्हणायला लागले. दुसऱ्या कडव्यात तो शब्द आला, दोन चिठ्ठ्यांवर लिहिलेला, आणि आपोआप सगळे थांबले. कुणीतरी तोंडाने "खट्" केलं. हशा झाला.

तिने फोन बंद केला नाही. गाणं पुढे चालू राहिलं आणि उरलेलं दीड कडवं एकालाही म्हणता आलं नाही.